एका नंबरवरच्या बायका

आमचं ॲप उघडलं की आधी पडद्यावर एक निळी कात्री दिसते. तिच्याभोवती पिवळी टेप गुंडाळलेली. सेकंदभर ती दिसावी आणि मग गिऱ्हाइकांची यादी उघडावी, एवढंच तिचं काम. पण त्या मंगळवारी सकाळी मी लालबागच्या आमच्या ऑफिसात डबा टेबलावर ठेवते न ठेवते तोच पहिली तक्रार दिसली. 'अपडेट केल्यापासून नुसती कात्रीच दिसते.' तिच्याखाली दुसरी, मग तिसरी. एका टेलरदादांनी लिहिलं होतं, 'कात्री दिलीत, आता कापडही द्या.' एरवी मी हसले असते. पण ते अपडेट मी लिहिलं होतं आणि मीच तपासून पास केलं होतं.

ॲप लेडीज टेलरांसाठी आहे. गिऱ्हाइकाचं नाव, मोबाईल, छाती, कंबर, बाहीची लांबी, गळा पुढून किती आणि मागून किती, हे सगळं त्यात लिहून ठेवायचं. ऑफिस म्हणजे दोन माणसं. एक आमचे सर, ज्यांनी हे सगळं उभं केलं आणि जे टेलर लोकांशी बोलतात. दुसरी मी, जी बाकी सगळं करते आणि वर कुरकुर करते. मला लवकर राग येतो हे मला माहीत आहे. घरी, दारी, बसमध्ये सगळ्यांनाच माहीत आहे.

त्या दिवशीचा राग आधी टेलर लोकांवर होता. कारण साधं होतं. बरेच जण एकच गिऱ्हाईक दोनदा भरून ठेवायचे आणि मग सरांना फोन करायचे की यादीत एकच बाई दोनदा दिसते. त्यावर उपाय म्हणून नव्या अपडेटमध्ये मी एक नियम घातला: एका मोबाईल नंबरवर एकच गिऱ्हाईक. फोनमधल्या जुन्या यादीला हा नियम लावायचा, तर अपडेटनंतर ॲप पहिल्यांदा उघडताना यादीची मांडणी बदलावी लागते. हे घर बदलण्यासारखं असतं. फरक एवढाच की इथे एक वस्तू जरी नव्या घरात बसली नाही, तरी सगळं सामान जसंच्या तसं जुन्या घरी परत जातं. ज्यांच्या यादीत एकाच नंबरवर दोन नोंदी होत्या, त्यांच्या फोनमध्ये नेमकं हेच झालं. नियम लावताना चूक निघाली, बदल मागे फिरला आणि यादी जुन्या घरात सुखरूप बसून राहिली. ॲप दरवेळी उघडताना तोच प्रयत्न पुन्हा करत होतं आणि दरवेळी तिथेच अडखळत होतं.

निदान चूक झाली असं सांगणारी एक पाटी तरी पडद्यावर यायला हवी होती. ती आली नाही, कारण फार वर्षांपूर्वी मीच लिहून ठेवलं होतं की यादी उघडताना काही चुकलं तर गुपचूप नोंद करून ठेव. ती नोंद ऑफिसला कळत होती. कात्रीला मात्र कोणी काही सांगत नव्हतं. ती बिचारी यादी तयार झाल्याच्या निरोपाची वाट बघत पडद्यावर उभी होती.

कारण मला अर्ध्या तासात सापडलं आणि उपायही तिथेच सुचला. नियम लावण्याआधी ज्या नंबरवर एकाहून जास्त नोंदी असतील, त्यातली शेवटची ठेवायची आणि बाकीच्या पुसून टाकायच्या. दोनदा भरलेली गिऱ्हाइकंच ती, त्यातली जुनी गेली तर कोणाचं काय बिघडतं? शिवाय सगळ्यांची यादी सर्व्हरवर असतेच. मी ते लिहिलं, माझ्या फोनवर बघितलं, कात्री सेकंदभर दिसून गेली. एक वाजायला आला होता. सरांना म्हटलं, "तयार आहे, सोडा."

"जेवून सोडतो," सर म्हणाले. त्यांनी डबा उघडला होता. तक्रार करणाऱ्या सगळ्यांना त्यांनी सकाळीच एक निरोप धाडून ठेवला होता: ॲप काढून टाका आणि पुन्हा टाका, यादी आपोआप परत येईल.

तेवढ्यात माझा फोन वाजला.

"बाय, परळहून बोलतंय. मावशी. तुझी कात्री अडाकली गो."

या मावशी म्हणजे आमच्या अगदी पहिल्या टेलरांपैकी. परळला एका चाळीत तळमजल्यावर त्यांचं दुकान. ॲप करायचं ठरलं तेव्हा माप कसं घेतात ते शिकायला मी आठवडाभर त्यांच्याकडे जाऊन बसले होते. मूळच्या मालवणकडच्या. मुंबईत चाळीसहून जास्त वर्षं काढली तरी बोलण्यातला 'गो' गेला नाही.

"हो मावशी, आमची चूक झालीय. थोड्या वेळात नवीन अपडेट येईल, मग उघडेल."

"येऊ दे सावकाश. पण तुमच्याकडून मेसेज आलाय, ॲप काढून टाका म्हणून. शेजारचा पण तेच सांगतोय. मी म्हटलं, आधी तुला विचारते. काढलं तर माझ्या बायका जातील काय त्यात?"

"नाही हो, कुठे जातील? सर्व्हरवर असतात की सगळ्या," मी म्हणाले. आणि ते म्हणतानाच मला आठवलं की त्यांच्या बायका सर्व्हरवर नसतात.

पहिल्या वर्षीच त्यांनी मला विचारलं होतं, "ही मापं जातात कुठे?" मी मोठ्या हौशीने सर्व्हर वगैरे समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "मग मला नको. बायकांची मापं दुकानाच्या बाहेर जाता कामा नयेत." सरांनी समजूत घातली, मी घातली, त्या बधल्या नाहीत. शेवटी फक्त त्यांच्यासाठी मी ॲपमध्ये एक खटका केला. तो दाबला की यादी त्याच फोनमध्ये राहते, सर्व्हरवर जात नाही, फोनच्या आपोआप होणाऱ्या बॅकअपमध्येही नाही. तेव्हा मी फार वैतागले होते. नंतर तो खटका केला होता हेच विसरून गेले.

"मावशी, काढू नका. कशालाच हात लावू नका," मी म्हणाले. मग सहज, खात्री करून घ्यावी म्हणून विचारलं, "तुमच्या यादीत एकाच नंबरवर दोन बायका असतील का कुठे?"

"दोन?" मावशी म्हणाल्या. "अगो, ताईच्या एका नंबरवर माझ्या चाळीसेक बायका आहेत."

मी फोन कानाला लावूनच वळले. "सर, दाबू नका."

"अजून हात कुठे धुतलेत?" सर म्हणाले. त्यांच्या हातात पोळीचा तुकडा होता. उष्ट्या हाताने ते कीबोर्डला शिवत नाहीत. त्यांच्या या सोवळेपणाची मी आजवर इतकी टिंगल केली होती. त्या दिवसापासून केलेली नाही.

कारण ते बटण दाबलं गेलं असतं, तर मावशींच्या फोनने थोड्या वेळात ते अपडेट आपलं आपणच घेतलं असतं. ॲप छान उघडलं असतं, मावशींनी देवाला हात जोडले असते, आणि त्या चाळीस बायकांमधली शेवटची एक सोडून बाकी सगळ्या पुसल्या गेल्या असत्या. तक्रारसुद्धा आली नसती. एखादीचं नाव शोधायला गेल्यावर कधीतरी कळलं असतं, तेही मला नाही, मावशींना.

सरांना मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी हात धुतले आणि सकाळच्या अपडेटचं वाटप थांबवलं. मग ज्यांना ज्यांना 'काढून टाका' म्हणून कळवलं होतं, त्या सगळ्यांना 'काढू नका' म्हणून कळवायला बसले. दोघांनी काढलं होतं. त्यांची यादी सर्व्हरवर होती, पण फोनमध्ये परत येताना एका नंबरवर एकच बाई उरली होती. माझा नियम तिथेही पहारा देत बसला होता. सर्व्हरवर सगळ्या शाबूत होत्या म्हणून ते निस्तरलं. मावशींच्या बायकांना दुसरं घरच नव्हतं.

मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि परळला चालत निघाले. वाटेत स्वतःवर इतकी चिडले होते की सिग्नल बघायचंही भान नव्हतं. एक नंबर म्हणजे एक माणूस, हे मी शिकले कुठे? मी वाढले गिरगावात. आमच्या मजल्यावर फोन एकाच बिऱ्हाडात होता आणि त्या काकूंचा नंबर आम्ही सगळे आपला म्हणून द्यायचो. पुढे कंसात 'पी. पी.' लिहायचं, म्हणजे फोन शेजारचा. बाबांच्या ऑफिसात तोच, माझ्या शाळेच्या दाखल्यावर तोच, समोरच्यांच्या मुलीला बघायला आलेल्यांकडेही तोच. एका नंबरवर आमचा अख्खा मजला राहायचा. मी ते सगळं विसरले आणि तपासायला म्हणून जी खोटी यादी केली होती, तिच्यात प्रत्येक बाईला स्वतःचा मोबाईल देऊन मोकळी झाले.

मावशी दुकानाच्या दारातच उभ्या होत्या. दुकान म्हणजे एक खोली. पुढे मशीन आणि कापायचं टेबल, मागे पडदा. मला खुर्ची देऊन त्यांनी फोन टेबलावर ठेवला. फोनवर कात्री होती.

"सकाळपासून बघतंय," त्या म्हणाल्या. "म्हटलं, दमली असेल, बसू दे."

मी विचारलं, "ताईच्या नंबरवर इतक्या बायका कशा काय?"

मावशींनी दार लोटून घेतलं आणि मग सांगितलं. परळच्या मोठ्या हॉस्पिटलांमध्ये गावोगावच्या बायका येतात, कित्येकींचं स्तनाचं ऑपरेशन होतं. काही दिवस धर्मशाळेत राहतात आणि परत जातात. ताई म्हणजे एक निवृत्त नर्स. मावशींची जुनी गिऱ्हाईक. बऱ्याच वर्षांपूर्वी ताई अशा एका बाईला घेऊन आली. त्या बाईने पदर असा घट्ट धरला होता की माप घ्यायला हात कुठे लावावा हेच मावशींना कळेना. त्यांनी पडदा ओढला, तिला बसायला दिलं, चहा दिला, आणि तास-दीड तास नुसत्या गप्पा मारल्या. मग माप घेतलं. दोन्ही बाजूंचं वेगवेगळं. एका बाजूला आतून मऊ सुती खिसा, त्यात भरायची गादी, तिच्या वजनाप्रमाणे त्या खांद्याची पट्टी थोडी रुंद, गळा किती वर, शिवण कुठून फिरवायची म्हणजे ती व्रणावर टोचणार नाही. अस्तराचं कापड त्या स्वतः हिंदमाताच्या कापडबाजारात जाऊन गालाला लावून निवडतात.

"ती बाई ब्लाउज घालून आरशात बघून काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, आता एसटीत बसून जाईन," मावशी म्हणाल्या. तेव्हापासून ताई आणतच राहिली.

यातल्या कितीतरी जणींच्या गावात ऑपरेशनचं कोणाला सांगितलेलं नसतं. घरचा फोन नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हातात. टेलरचा फोन आला, कसला म्हणून कोणी विचारलं, तर काय सांगायचं? म्हणून नंबर ताईचा. नावही खरं नाही. कुणी 'चिपळूण', कुणी 'हिरवी पिशवी', कुणी 'दोन जुळे'. बाकी गिऱ्हाइकांची मापं मावशी वहीतही लिहितात, पण या बायकांची कधीच लिहिली नाहीत. वही टेबलावर पडलेली असते, येणारी-जाणारी चाळते. फोनला कुलूप असतं. म्हणून या सगळ्या फक्त फोनमध्ये.

"तुझ्यावर विश्वास ठेवून," असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मी तिथेच रडले असते.

"आणि आज अडलंय ते काय सांगते," मावशी म्हणाल्या. टेबलावर एक जांभळी पैठणी घडी घालून ठेवली होती, वर तिचंच ब्लाउजपीस. "कोकणातली एक आहे. कुठली ते विचारू नको. रविवारी लेकीचं लग्न आहे तिच्या. ऑपरेशन नवरा सोडून कोणाला ठाऊक नाही, लेकीलासुद्धा नाही. मंडपात नवरीची आई म्हणून उभी राहायची, सगळे बघणार. तिच्या गावची एक बाई उद्या दुपारी निघणार, तिच्याबरोबर ब्लाउज पाठवायचाय. म्हणजे आज कापायला हवा."

"ताईंना सांगून माप परत मागवता येणार नाही?"

"घेईल कोण? तिथल्या टेलरसमोर उभी राहील ती? माझ्यासमोर उभी राहायला तिला दोन दिवस लागले होते."

मी त्या फोनमधून यादीची एक प्रत आधी बाहेर काढून ठेवावी म्हटलं, तर तेही जमेना. ॲपचा साठा फोन दुसऱ्या कोणाला उघडू देत नाही, आणि बॅकअपचा रस्ता मीच बंद करून ठेवला होता. त्यांच्याच सांगण्यावरून. म्हणजे जे काय करायचं ते पहिल्या फटक्यात बरोबर व्हायला हवं होतं. जमेची बाजू एकच होती. अडकलेल्या अपडेटने यादीला धक्का लावलेला नव्हता.

मी तिथेच टेबलाच्या कोपऱ्यावर लॅपटॉप उघडला. आधी माझ्या स्वतःच्या फोनवर मागचं, जुनं ॲप टाकलं. त्यात एकाच नंबरवर चाळीस खोट्या बायका भरल्या. नावं सुचेनात तशी मावशी सांगत गेल्या: लाल छत्री, सोलापूर, मोठी हसणारी. मग त्याच्यावर सकाळचं नादुरुस्त अपडेट चढवलं. माझ्या फोनवर कात्री आली आणि तिथेच थांबली. बिघडलेलं बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. आता दोन्ही फोनना एकच दुखणं होतं आणि औषध आधी माझ्या फोनला देता येणार होतं.

मग दुरुस्ती. 'एका नंबरवर एकच' हा नियम काढला. नंबरवरून शोधणं सोपं व्हावं म्हणून लागते ती साधी सूची तेवढी ठेवली, तिला एका नंबरवर कितीही बायका चालतात. ज्यांच्या फोनमध्ये सकाळचं अपडेट बिनबोभाट बसलं होतं, त्यांच्याकडे तो नियम लागलेला होता, तोही काढायची सोय केली. पुसून टाकायच्या ओळी मी एकेक करून खोडल्या. आणि कात्रीलाही सांगितलं, की चूक झाली तर मुकाट्याने उभी राहू नकोस, पडद्यावर तसं लिही आणि यादी सुखरूप आहे, ॲप काढू नका, हेही लिही.

माझ्या फोनवर ते नवं अपडेट चढवलं. कात्री आली, गेली, यादी उघडली. मी बोटाने मोजत गेले. लाल छत्री होती, सोलापूर होतं, मोठी हसणारी होती. चाळीसच्या चाळीस. पुन्हा सगळं पुसून पहिल्यापासून केलं. पुन्हा चाळीस. तिसऱ्यांदा करायला घेतलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "अगो, आता पुरे. माझ्या फोनला पण हात लावून बघ."

दुरुस्त ॲप मी लॅपटॉपवरून थेट त्यांच्या फोनमध्ये टाकू शकत नव्हते. स्टोअरमधून आलेल्या ॲपवर स्टोअरची सही असते, माझ्या लॅपटॉपची सही तिला जुळत नाही. फोनने 'आधी जुनं काढा' म्हणून सांगितलं असतं, आणि तेच तर करायचं नव्हतं. म्हणून सरांना फोन केला. त्यांनी ते स्टोअरवर चढवलं आणि आमच्या चाचणीच्या यादीत मावशींना घातलं, म्हणजे सगळ्यांच्या आधी त्यांना मिळेल. सरांनी फोनवर तीनदा विचारलं, "नक्की? दाबू?" या वेळी हात कोरडे होते.

अपडेट यायला पाऊण तास लागला. तेवढ्यात मावशींनी सोलकढी दिली, पैठणीचे काठ किती जपून सुटे करावे लागतात ते दाखवलं, आणि माझ्या अंगातला कुर्ता खांद्यावर कसा चुकलाय तेही सांगितलं. मी मान हलवत होते. मला काही ऐकू येत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर मंडपात उभी असलेली एक बाई होती, तिचा चेहरा मला दिसत नव्हता, आणि तिला माझं नावही माहीत नव्हतं.

फोनवर अपडेट आलं. मावशींनीच बोट लावलं. कात्री दिसली.

एक सेकंद झाला. दोन. तीन. माझ्या फोनवर एवढा वेळ लागला नव्हता. मी मनात म्हणत होते, त्यांची यादी मोठी आहे, फोन जुना आहे, वेळ लागणारच. मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या, फोनकडेही नाही. त्या पैठणीवर हात ठेवून उभ्या होत्या.

मग यादी उघडली.

मी वाकून बघायला गेले तर मावशींनी फोन उचलला आणि छातीशी धरला. "तू नाही," त्या म्हणाल्या. मला राग यायला हवा होता, मला कशाचाही येतो. पण उलट फार बरं वाटलं. त्या पडद्यामागे गेल्या. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "सगळ्या आहेत."

बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. त्यांनी चष्मा लावला, फोन स्वतःकडे वळवून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभा केला, खडू घेतला आणि ब्लाउजपीसवर पहिली रेघ ओढली. मी लॅपटॉप बंद करून बसून राहिले. म्हटलं, "मावशी, तुम्ही आज मला विचारलं नसतंत तर मी काय करून बसले असते, तुम्हाला कल्पना नाही."

"विचारायला काय जातं?" मावशी म्हणाल्या. "तुझा नंबर होता माझ्याकडे."

मी तेव्हाच त्यांना सांगितलं की ताईच्या त्या चाळीस बायका मी पुसून टाकायला निघाले होते. लपवावंसं वाटलं नाही. त्यांनी खडू थांबवला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "पुसल्या नाहीस ना? मग." आणि पुन्हा रेघ ओढायला लागल्या. माझ्या आयुष्यात मला अनेकांनी माफ केलंय, बहुतेकांनी त्याआधी ऐकवलंय. इतक्या कमी शब्दांत कोणी केलं नव्हतं.

संध्याकाळी दुरुस्त अपडेट सगळ्यांना गेलं. त्या टेलरदादांनी लिहिलं, 'कापड मिळालं.' त्यांच्याकडे, नंतर कळलं, एका सासूच्या नंबरवर चार सुना आणि दोन लेकी होत्या. आमच्या टेलरांपैकी बहुतेकांच्या यादीत असंच काहीतरी होतं. दोनदा भरलेली गिऱ्हाइकं होतीच, नाही असं नाही, पण ती एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा परळला गेले. मावशींसाठी एक नवी सोय केली होती. यादीची कुलूपबंद प्रत एका छोट्या मेमरी कार्डावर काढता येते, आणि मावशींचा पासवर्ड घातल्याशिवाय ती कोणालाही उघडत नाही, मलाही नाही. त्यांनी माझ्याकडे पाठ करून पासवर्ड घातला, प्रत काढली आणि कार्ड सुयांच्या डबीत टाकलं.

मग म्हणाल्या, "थांब, तुला एक दाखवायचंय."

त्यांनी फोनवर एक फोटो उघडला आणि माझ्या हातात दिला. लग्नाचा होता. मंडपाच्या कमानीखाली सात-आठ बायका ओळीने उभ्या होत्या, सगळ्या पन्नाशीच्या आसपासच्या, सगळ्या नटलेल्या. पैठण्याच तीन होत्या, आणि उजेड असा पिवळा पडला होता की जांभळी कुठली आणि करवंदी कुठली ते कळत नव्हतं. एक हसत होती, एकीने डोळे मिटले होते, एक शेजारणीच्या कानात काहीतरी सांगत होती. नवरी मध्ये होती, आणि दोन्हीकडून दोघींनी तिच्या खांद्यावर हात टाकले होते.

"यातली कुठली ते सांग," मावशी म्हणाल्या.

मी फोटो मोठा करून बघितला. एकेकीचा खांदा बघितला, गळा बघितला, पदर कोणी घट्ट धरलाय का बघितला. कोणीच धरला नव्हता. मी पुन्हा पहिल्यापासून बघितलं. त्या ओळीतल्या सगळ्याच बायका ताठ उभ्या होत्या.

"नाही ओळखता येत," मी म्हणाले.

मावशींनी फोन परत घेतला, बंद केला आणि मशीनवर जाऊन बसल्या.